तीन पिकोफॅरडचे झाले पाचशे

ट्रान्झिस्टरचा एक साधा अ‍ॅम्प्लिफायर ब्रेडबोर्डवर जोडला आहे. फंक्शन जनरेटरचा सिग्नल थेट इनपुटला दिला, की एक मेगाहर्ट्झच्या वरपर्यंत तो व्यवस्थित काम करतो. मग जनरेटर आणि इनपुट यांच्यामध्ये 10 किलोओहमचा एक रेझिस्टर घातला जातो, कारण प्रत्यक्ष वापरात सिग्नल जिथून येणार आहे त्या उगमाचा रोध साधारण तेवढा आहे. सगळ्याच वारंवारतांवर आउटपुट थोडं कमी होणार, हे अपेक्षितच असतं. पण याशिवाय आणखी एक गोष्ट घडते. 80-90 किलोहर्ट्झच्या पुढे आउटपुट झपाट्यानं घसरू लागतं. ट्रान्झिस्टर तोच, जोडणी तीच, आणि डेटाशीट तर म्हणते की हा ट्रान्झिस्टर शंभर मेगाहर्ट्झच्याही पुढे चालतो. मग अडतंय कुठे?

अडतंय ते बेस आणि कलेक्टर यांच्यामधल्या तीनेक पिकोफॅरडच्या धारकतेपाशी. हा कपॅसिटर कुणी लावलेला नाही, आकृतीतही तो दिसत नाही. ट्रान्झिस्टरच्या आत दोन भाग एकमेकांना टेकून आहेत, म्हणून तो आपोआप तयार झाला आहे. एक पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा दशलक्षाचा दशलक्षावा भाग. ब्रेडबोर्डच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्येसुद्धा एवढी धारकता सहज असते. एवढ्याशा धारकतेनं अ‍ॅम्प्लिफायरची दौड दहा-बारा पटींनी आखडावी, हे पटायला जड जातं. पण ती जिथे बसली आहे, त्या जागेमुळे इनपुटला तिचा भार तिप्पट-चौपट नव्हे, तर दीडशे पटींहून जास्त जाणवतो. यालाच मिलर परिणाम म्हणतात.

दुसरं टोक पळतं तेव्हा

कपॅसिटरचा नियम साधा आहे. त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज बदलायचं, तर त्यात विद्युतभार भरावा किंवा काढावा लागतो. किती, तर धारकता गुणिले व्होल्टेजमधला बदल. इथे बदल दोन्ही टोकांमधला धरायचा असतो, एकाच टोकाचा नाही. सगळी मेख इथेच आहे.

एखाद्या कपॅसिटरचं दुसरं टोक जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडलेलं असेल, तर पहिलं टोक 1 मिलिव्होल्टनं वर नेलं की दोन टोकांमधला बदलही 1 मिलिव्होल्टच होतो. पण आपल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बेस-कलेक्टर कपॅसिटरचं दुसरं टोक कलेक्टरला आहे, आणि कलेक्टर स्थिर नाही. हा उलटवणारा अ‍ॅम्प्लिफायर आहे. बेस वर गेला की कलेक्टर खाली येतो, आणि तोही गेनच्या पटीत. गेन 160 असेल, तर बेस 1 मिलिव्होल्टनं वर गेल्यावर कलेक्टर 160 मिलिव्होल्टनं खाली येतो. कपॅसिटरच्या दोन टोकांमधला बदल झाला 161 मिलिव्होल्ट. तेवढा भार त्यात घालावाच लागतो, आणि त्याचा पुरवठा बेसच्या बाजूनं, म्हणजे सिग्नलच्या उगमाकडून व्हावा लागतो.

अशी कल्पना करा, की एका भांड्यातल्या पाण्याची पातळी बोटभर वर आणायची आहे. पण पातळी बोटभर चढली, की भांड्याचा तळच 160 बोटं खाली सरकतो. मग बोटभर पातळीसाठी 161 बोटं पाणी ओतावं लागेल. भांडं होतं तेवढ्याच रुंदीचं आहे, पण ओतणाऱ्याला ते 161 पट मोठं वाटणार.

उगमाला 3 पिकोफॅरडचा कपॅसिटर नेमका असाच 161 पट मोठा वाटतो. बेस आणि एमिटर यांच्यामधली धारकता मात्र अशी फुगत नाही, कारण सिग्नलच्या दृष्टीनं एमिटर जागचा हलत नाही. दोन्ही मिळून इनपुटची धारकता अशी मांडता येते:

Cin = Cbe + Ccb × (1 + A)

इथे Cbe ही बेस-एमिटर धारकता, Ccb ही बेस-कलेक्टर धारकता आणि A हा गेन. कंसातला 1 हा बेसच्या स्वतःच्या हालचालीचा आणि A हा कलेक्टरच्या पळण्याचा.

आकडे घालून पाहू

बीसी 547 हा दुकानात सहज मिळणारा ट्रान्झिस्टर घेऊ. पुरवठा 12 व्होल्टचा, कलेक्टरमधून प्रवाह 1 मिलिअ‍ॅम्पिअर. बेसला 100 किलोओहम आणि 22 किलोओहम अशी बायसची जोडी, एमिटरला 1.5 किलोओहम आणि त्याला समांतर 100 मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर. कलेक्टरला 4.7 किलोओहम, आणि पुढच्या टप्प्याचा भार जमेस धरून कलेक्टरला प्रत्यक्षात दिसणारा रोध सुमारे 4 किलोओहम.

1 मिलिअ‍ॅम्पिअर प्रवाहाला बेसवरच्या प्रत्येक मिलिव्होल्टमागे कलेक्टरचा प्रवाह सुमारे 40 मायक्रोअ‍ॅम्पिअरनं बदलतो. तो 4 किलोओहममधून गेला की 160 मिलिव्होल्ट होतात. म्हणून गेन 160. याच प्रवाहाला बेस-एमिटर धारकता साधारण 40 पिकोफॅरड धरता येते. बेस-कलेक्टर धारकता, जोडणीतली किरकोळ भर धरून, 3 पिकोफॅरड मानू. मग इनपुटची एकूण धारकता झाली 40 अधिक 3 गुणिले 161, म्हणजे 523 पिकोफॅरड. त्यातले 483 पिकोफॅरड एकट्या त्या तीनमधून आलेले आहेत.

आता ही धारकता भरणाऱ्या वाटेचा रोध काढायचा. उगमाचा रोध 10 किलोओहम. बेसमधून आत पाहिलं तर ट्रान्झिस्टरचा स्वतःचा इनपुट रोध, प्रवाहाचा गेन 300 धरला तर, सुमारे 7.5 किलोओहम येतो. बायसचे दोन रेझिस्टर मिळून 18 किलोओहम. धारकतेला हे तिन्ही समांतर दिसतात आणि एकत्र सुमारे 3.5 किलोओहम होतात.

रोध आणि धारकता यांची जोडी एका ठरावीक वारंवारतेपुढे सिग्नल गिळू लागते. ती वारंवारता अशी:

f = 1 / (2πRC)

3.5 किलोओहम आणि 523 पिकोफॅरड घातले की उत्तर येतं सुमारे 87 किलोहर्ट्झ. हीच वरची कटऑफ वारंवारता. इथे आउटपुट मधल्या पट्ट्यातल्या मूल्याच्या 0.707 पट उरतं, आणि त्याची लय मूळ लयीपेक्षा आणखी 45 अंशांनी मागे पडते. कलेक्टर जागेवर खिळलेला असता, तर धारकता फक्त 43 पिकोफॅरड राहिली असती आणि इनपुटच्या बाजूची मर्यादा दहा लाख हर्ट्झच्या, म्हणजे 1 मेगाहर्ट्झच्या पुढे गेली असती.

याचा व्यवहारातला अर्थ काय? माणसाला ऐकू येणारा आवाज फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत जातो, त्यामुळे माइक किंवा टेपसाठी हा टप्पा बिनधोक चालेल. पण तोच मध्यम लहरींच्या रेडिओत लावायचा म्हटला, तर 792 किलोहर्ट्झवरच्या पुणे आकाशवाणीच्या सिग्नलला तो नऊ पटींनी कमी गेन देईल. उगमाच्या रोधात होणारी गळती धरून कमी वारंवारतेला उगमापासून आउटपुटपर्यंत जो 55 पट गेन मिळतो, तो तिथे जेमतेम सहा पट उरेल.

सुरुवातीचं कोडंही यातून सुटतं. जनरेटरचा स्वतःचा रोध बहुधा 50 ओहमच असतो. 523 पिकोफॅरड तेव्हाही इनपुटला होतेच. पण एवढ्या कमी रोधातून ते चटकन भरले जात होते, म्हणून ते जाणवले नाहीत. मिलर परिणाम धारकता वाढवतो. ती धारकता सिग्नलला नडते की नाही, ते उगमाचा रोध ठरवतो. म्हणून प्रयोगशाळेत जनरेटरवर उत्तम चाललेला अ‍ॅम्प्लिफायर पिकअपला, सेन्सरला किंवा आधीच्या टप्प्याला जोडल्यावर बसतो. चाचणी घेताना उगमाचा खरा रोध मध्ये घालणं म्हणूनच आवश्यक आहे.

हा मिलरच, हे कसं ओळखायचं

आउटपुट वरच्या वारंवारतांना घसरतं याची कारणं अनेक असू शकतात. खात्री करून घ्यायला एक सुंदर चाचणी आहे. तिला 10 पिकोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर पुरतो.

आधी तो बेस आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावा. इनपुटची धारकता 523 वरून 533 होते आणि कटऑफ 87 किलोहर्ट्झवरून 85 वर येते. ऑसिलोस्कोपवर हा फरक जेमतेम कळतो. आता तोच कपॅसिटर काढून बेस आणि कलेक्टर यांच्यामध्ये लावा. दहाचे आता 1610 झाले, एकूण धारकता दोन हजारांच्या वर गेली, आणि कटऑफ थेट 21 किलोहर्ट्झवर उतरते. कपॅसिटर एकच, त्याचं एक टोक दोन्ही वेळा बेसलाच. बदललं ते फक्त दुसरं टोक. कपॅसिटरचा भार त्याच्यावर छापलेल्या आकड्यावर जितका अवलंबून आहे, तितकाच त्याचं दुसरं टोक काय करतं यावरही आहे, हे या दोन मोजण्यांतून डोळ्यांना दिसतं.

दुसरी चाचणी गेनची. 4.7 किलोओहमच्या जागी कलेक्टरला 470 ओहम लावले, तर गेन 160 वरून साडेअठराच्या आसपास येतो. बेस-कलेक्टर धारकता आता फक्त 58 पिकोफॅरडएवढी वाटते, एकूण 98, आणि कटऑफ 460 किलोहर्ट्झच्या पुढे जाते. आउटपुटच्या बाजूचा एक भाग बदलला आणि इनपुटची धारकता पाचपट कमी झाली. आउटपुटकडचा बदल इनपुटकडे असा दिसणं ही मिलर परिणामाची खूण आहे.

मोजताना एक सांभाळायचं. ऑसिलोस्कोपचा प्रोब एक पटीच्या खुणेवर ठेवून बेसला टेकवला, तर प्रोब आणि केबल मिळून शंभरेक पिकोफॅरडची भर पडते आणि कटऑफ मोजता मोजताच 73 किलोहर्ट्झवर येते. म्हणून प्रोब दहा पटींच्या खुणेवर ठेवावा आणि मोजणी कलेक्टरवर घ्यावी. सिग्नल बेसवर एखाद-दुसऱ्या मिलिव्होल्टचाच ठेवावा. मोठ्या सिग्नलला कलेक्टरची लाट वाकडी होते आणि गेनचा आकडा भरवशाचा राहत नाही.

मिलर आणि शिट्ट्या मारणारे रेडिओ

जॉन मिल्टन मिलर हे अमेरिकन विद्युत अभियंता. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सतर्फे 1920 मध्ये त्यांचा यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. तेव्हा ट्रान्झिस्टर नव्हते, होत्या त्या तीन इलेक्ट्रोडच्या निर्वात नळ्या, म्हणजे ट्रायोड. त्यांत बेसच्या जागी ग्रिड आणि कलेक्टरच्या जागी प्लेट असते, आणि दोघांमध्ये काही पिकोफॅरडची धारकता. प्लेटला जोडलेल्या भारावर ग्रिडची इनपुट बाजू कशी अवलंबून असते, हे मिलर यांनी गणितानं दाखवलं.

त्यांचा निष्कर्ष फक्त धारकता फुगण्यापुरता नव्हता. भार साध्या रेझिस्टरचा असेल, तर प्लेट ग्रिडच्या बरोबर उलट हलते आणि वर सांगितलेला गुणाकार लागू पडतो. पण भारात कॉइल असेल, तर प्लेटच्या हालचालीची वेळ सरकते. मग ग्रिड-प्लेट धारकतेतून येणाऱ्या प्रवाहाचा काही भाग उगमाकडून ऊर्जा घेण्याऐवजी उगमाला ऊर्जा परत देऊ लागतो. इनपुटचा रोध ऋण होतो. उगमातली गळती या परत आलेल्या ऊर्जेनं भरून निघाली, की अ‍ॅम्प्लिफायर आपणहून दोलनं करू लागतो.

रेडिओत तर केंद्र निवडण्यासाठी भारात कॉइल असायचीच. त्यामुळे त्या काळात ट्रायोडचे रेडिओ वरच्या वारंवारतांना शिट्ट्या मारत. 1923 मध्ये बाजारात आलेल्या लुई हेझेल्टाइन यांच्या न्यूट्रोडाइन रेडिओनं त्यावर एक उपाय केला. ग्रिड-प्लेट धारकतेतून जेवढा प्रवाह येतो तेवढाच, पण उलट दिशेचा प्रवाह दुसऱ्या छोट्या कपॅसिटरमधून ग्रिडला द्यायचा. दोन्ही एकमेकांना खोडतात. 1920च्या दशकाच्या उत्तरार्धात स्क्रीन-ग्रिडच्या नळ्या आल्या आणि दुखण्याचं मूळच गेलं. ग्रिड आणि प्लेट यांच्यामध्ये आणखी एक जाळी बसवून ती सिग्नलच्या दृष्टीनं ग्राउंडला ठेवली, की दोघांमधली धारकता पिकोफॅरडच्या शतांशापर्यंत खाली येते. शतांशाला कितीही गुणलं, तरी आकडा छोटाच राहतो.

कलेक्टरला हलूच द्यायचं नाही

ट्रान्झिस्टरच्या आत अशी जाळी बसवता येत नाही. तिथे उपाय दुसऱ्या बाजूनं केला जातो: धारकता आहे तशी राहू द्यायची, पण तिचं दुसरं टोक पळू द्यायचं नाही.

या जोडणीचं नाव कॅस्कोड. आपल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर दुसरा बीसी 547 चढवायचा. खालच्याचा कलेक्टर वरच्याच्या एमिटरला जोडायचा, वरच्याचा बेस चारेक व्होल्टवर स्थिर ठेवून कपॅसिटरनं सिग्नलपुरता ग्राउंड करायचा, आणि 4.7 किलोओहमचा रेझिस्टर वरच्या कलेक्टरला न्यायचा. 1 मिलिअ‍ॅम्पिअरला वरच्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरमध्ये पाहिलं तर अवघे 25 ओहम दिसतात. त्यामुळे खालच्या ट्रान्झिस्टरचा प्रवाह पूर्वीइतकाच बदलतो, पण त्याच्या कलेक्टरवरचं व्होल्टेज बेसइतकंच हलतं. त्याचा गेन झाला 1. बदललेला प्रवाह वरच्या ट्रान्झिस्टरमधून तसाच पुढे जातो आणि 4 किलोओहमवर पूर्वीचाच 160 पट गेन देतो.

आता इनपुटची धारकता किती? 40 अधिक 3 गुणिले 2, म्हणजे 46 पिकोफॅरड. उगमाचा रोध तोच, 10 किलोओहम. कटऑफ मात्र 87 किलोहर्ट्झवरून 990 किलोहर्ट्झच्या आसपास जाते. वरच्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर 160 पट पळतोच, पण त्याची बेस-कलेक्टर धारकता ज्या बेसला जोडलेली आहे तो ग्राउंडला खिळलेला आहे. म्हणून तिचा भार उगमापर्यंत पोचत नाही. मोबदल्यात एक ट्रान्झिस्टर जास्त लागतो आणि पुरवठ्यातले दोनेक व्होल्ट त्याच्यासाठी सोडावे लागतात. 12 व्होल्टमध्ये ते सहज बसतं, 3 व्होल्टच्या बॅटरीवर ओढाताण होते. तिथे कमी गेन स्वीकारणं, किंवा आधी एक एमिटर फॉलोअर लावून उगमाचा रोध कमी करणं, हे पर्याय उरतात.

हिशेब कुठे चुकतो

मिलरच्या गुणाकारात आपण एक गोष्ट गृहीत धरतो: गेन त्या वारंवारतेपर्यंत 160 राहतो आणि कलेक्टर बेसच्या बरोबर उलट हलतो. आउटपुटची बाजू इनपुटपेक्षा खूप चपळ असेल, तर हे खरं असतं. आपल्या उदाहरणात ते होतं. पण कलेक्टरला लांब शील्डेड केबल जोडली आणि तिची धारकता 200 पिकोफॅरड भरली, तर 4 किलोओहमसह आउटपुटची स्वतःची मर्यादा 200 किलोहर्ट्झवर येते. मग दोन्ही बाजू एकमेकांत गुंततात. फक्त इनपुटचा हिशेब केला तर उत्तर 87 किलोहर्ट्झच येईल, प्रत्यक्षात कटऑफ 60 किलोहर्ट्झच्या आसपास मिळेल. कटऑफच्या बऱ्याच पुढे, जिथे गेन आणि वेळ दोन्ही बदललेले असतात, तिथे तर हा सोपा गुणाकार वापरूच नये. तिथे पूर्ण समीकरण सोडवावं लागतं.

या परिणामाला टाळायचंच असतं असंही नाही. 1968 मध्ये फेअरचाइल्ड कंपनीसाठी डेव्ह फुलागर यांनी 741 हा ऑप-अँप रचला. त्याचा गेन सुमारे दोन लाख. एवढ्या गेनला फीडबॅक जोडला की वरच्या वारंवारतांना दोलनं सुरू होण्याचा धोका असतो, म्हणून गेन लवकर आणि एकसारखा उतरवत न्यायला मोठी धारकता हवी. पण सिलिकॉनच्या चिपवर मोठ्या कपॅसिटरला जागा परवडत नाही. फुलागर यांनी 30 पिकोफॅरडचा कपॅसिटर उलटवणाऱ्या दुसऱ्या टप्प्याच्या इनपुट आणि आउटपुटमध्ये बसवला. त्या टप्प्याच्या गेननं तो हजारो पिकोफॅरडचा झाला, कटऑफ अवघ्या 5 हर्ट्झच्या आसपास आली, आणि तिथून गेन हळूहळू उतरत 1 मेगाहर्ट्झपाशी 1 होतो. ज्या कारणानं आपला रेडिओचा टप्पा 792 किलोहर्ट्झवर निकामी ठरत होता, त्याच कारणानं 741 बाहेरून एकही कपॅसिटर न जोडता स्थिर राहतो.